सात प्रश्न, सात स्लाइड: सोफा साफ करून देणाऱ्या एका छोट्या व्यवसायाचं प्रकरण

व्यवसाय नवरा-बायकोचा. घरी येऊन सोफा, गाद्या आणि खुर्च्या साफ करून देतात. दादा एका मदतनिसाला घेऊन मशीनसह कामावर जातात, ताई फोन आणि व्हॉट्सॲप सांभाळतात. दोघांचं काम चोख, गिऱ्हाईक समाधानी, पण ताईंचा अर्धा दिवस तेच तेच प्रश्न टाइप करण्यात जायचा. कामाच्या गडबडीत उत्तर उशिरा गेलं की विचारणारा दुसरीकडे वळायचा. म्हणून इन्स्टाग्रामवर एक कॅरोसेल, म्हणजे सरकवत पाहायच्या अनेक स्लाइडची एकच पोस्ट, करायचं ठरलं: नेहमीचे प्रश्न, एका स्लाइडवर एकच उत्तर, आणि तीच स्लाइड व्हॉट्सॲपवरही पाठवता येईल अशी. त्यांच्यासोबत बसून ते करताना आम्हाला काय काय ठरवावं लागलं आणि कुठे अडलं, ते इथे सविस्तर मांडतो.

ताईंनी प्रश्नांची यादी स्वतःच करून ठेवली होती: तुम्ही कोणतं केमिकल वापरता, तुमची प्रक्रिया काय, तुम्हाला अनुभव किती, ड्रायिंग टाइम किती, इतर सेवा कोणत्या. यादी नीटनेटकी होती, पण ती व्यवसायाच्या बाजूने लिहिलेली होती. गिऱ्हाईक ‘ड्रायिंग टाइम’ विचारत नाही. तो विचारतो, ‘दादा, रात्री पाहुणे येणार आहेत, तोवर बसता येईल ना?’ यादी बाजूला ठेवून आम्ही जुन्या चॅट उघडल्या आणि प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत, चुकांसकट, एका तक्त्यात उतरवला. शेजारच्या रकान्यात एवढंच लिहिलं की प्रश्न कधी आला: काम ठरण्याआधी, ठरल्यावर, की काम उरकल्यावर. फोनवर येणारे प्रश्न चॅटमध्ये सापडत नाहीत, म्हणून ताईंनी फोनजवळ वही ठेवली आणि काही दिवस तेही जसेच्या तसे लिहून घेतले.

‘कधी आला’ या रकान्याचा उपयोग लगेच दिसला. ‘किती वेळ लागेल?’ हा प्रश्न सगळीकडे होता, आणि ताई त्याला एकच उत्तर द्यायच्या: चार ते सहा तास. पण काम ठरण्याआधी हा प्रश्न विचारणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं की आपल्याला घरी किती वेळ थांबावं लागेल, ऑफिसातून अर्धी रजा पुरेल का. काम ठरल्यावर किंवा उरकल्यावर तोच प्रश्न आला तर त्याचा अर्थ असतो, सोफा कधी वापरता येईल. पाच सीटांचा सोफा साफ करायला दोघांना साधारण दीड ते दोन तास लागतात. चार ते सहा तास हा सुकण्याचा वेळ. आता कळलं की काही जण चार तासांचं ऐकून कामच का ठरवत नसत. तक्त्यातली ती एक ओळ फोडून आम्ही दोन स्लाइड केल्या.

‘केमिकल कोणतं वापरता?’ याचंही तसंच. या प्रश्नाच्या आगेमागे चॅटमध्ये बहुतेक वेळा लहान मूल असायचं, नाहीतर मांजर किंवा कुत्रा. द्रावणाचं नाव कळून त्या आईला काहीच उपयोग नव्हता. बाळ सोफ्यावर कधी लोळू शकेल, हे तिला हवं होतं. त्यामुळे स्लाइडचा प्रश्न झाला, ‘घरात लहान मूल आहे, चालेल का?’ उत्तरात पहिली गोष्ट ही आली की पूर्ण सुकेपर्यंत मूल आणि पाळीव प्राणी सोफ्यापासून दूर ठेवा. दुसरी ही की द्रावण वापरल्यावर मशीन ते पाण्यासकट ओढून घेतं आणि शेवटी साध्या पाण्याचा हात फिरवला जातो. कोणाला दम्याचा किंवा त्वचेचा त्रास असेल तर आधी सांगा, हे तिसरं. ‘शंभर टक्के सुरक्षित’ हे शब्द दादांना हवे होते, कारण इतर सगळे लिहितात. ते आम्ही घेतले नाहीत. घरात कोणाला कशाचा त्रास होतो हे माहीत नसताना तसं आश्वासन देता येत नाही.

शेवटी सात प्रश्न उरले: कितीला पडेल, डाग जातील का, काम किती वेळ चालेल, बसायला कधी मिळेल, आमच्या कापडाला चालेल का, लहान मूल आहे, आम्ही काय तयार ठेवायचं. मुखपृष्ठ आणि फोटो कसा पाठवायचा ही शेवटची स्लाइड धरून नऊ. इन्स्टाग्राम आता एका पोस्टमध्ये वीसपर्यंत स्लाइड देतं, त्यामुळे जागा भरपूर होती. दादांना अनुभव, टीमचा फोटो आणि गाद्यांची सेवा असं अजून बरंच टाकायचं होतं. पण चॅटमध्ये अनुभवाबद्दल जवळजवळ कोणीच विचारत नव्हतं. विचारलेल्या प्रश्नांच्या मध्ये न विचारलेली माहिती घातली की वाचणारा तिथेच थांबतो आणि पुढचं उत्तर त्याच्यापर्यंत पोचत नाही.

सगळ्यात जास्त वेळ डागांच्या स्लाइडवर गेला, आणि तो जायलाच हवा होता.

जुन्या पोस्टमध्ये लिहिलेलं होतं: ‘सर्व प्रकारचे डाग निघतात.’ त्याखाली एक काळवंडलेली सीट आणि तीच सीट साफ झाल्यावर, असे शेजारी शेजारी दोन फोटो. फोटो खरे होते. पण ती सीट मळलेली होती, डागाळलेली नव्हती. वरवर बसलेली धूळ आणि अंगाच्या तेलाचा थर मशीनने उत्तम निघतो. शाईचा किंवा रंगाचा डाग ही वेगळीच गोष्ट. तो फोटो पाहून बोलावणाऱ्याच्या मनात मात्र आपल्या सोफ्यावरचा बॉलपेनचा डाग असतो. काम संपल्यावर सोफा उजळलेला असतो, पण त्याची नजर त्या रेघेवरच जाते.

दादांना मी विचारलं, की डाग पाहताक्षणी तुम्हाला काय कळतं? ते सहज सांगत गेले. मातीचे, तेलकट आणि सांडून फार वेळ न झालेले चहा-कॉफीचे डाग बहुतेक निघतात. शाई, रंग आणि वर्षभर मुरलेले डाग फिके होतात, किती ते कापडावर अवलंबून. पाळीव प्राण्याच्या लघवीचा डाग वरून जातो, पण ती फोममध्ये खोल गेली असेल तर दमट हवेत वास परत येऊ शकतो. आणि ब्लीच पडून किंवा उन्हाने जिथे कापडाचा रंगच उडाला आहे, तिथे साफ करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. गिऱ्हाईक त्यालाही डागच म्हणतं. हे सगळं दादांच्या डोक्यात होतं, पोस्टमध्ये कुठेच नव्हतं. स्लाइड अशी झाली:

> डाग जातील का?
> मातीचे, तेलकट आणि ताजे डाग बहुतेक वेळा निघतात.
> शाई, रंग आणि जुने डाग फिके होतात, पण पूर्ण जातीलच असं नाही.
> ब्लीचने किंवा उन्हाने उडालेला रंग परत येत नाही.
> डागाचा फोटो पाठवा. येण्याआधीच खरं काय ते सांगतो.

दादांची शंका रास्त होती: ‘जात नाही’ असं आपणच लिहिलं तर लोक बोलावतील कशाला? माझं उत्तर होतं की ज्याचा डाग जाणारच नाही त्याने आज बोलावलं तर उद्या तक्रार येणार, पैसे अडणार, आणि मन राखायला पुन्हा एक फेरी फुकट मारावी लागणार. पण मला ती स्लाइड पटवून गेली तिच्या शेवटच्या ओळीमुळे. ‘फोटो पाठवा’ म्हटल्यावर बोलणं तुटत नाही, पुढे सरकतं. फोटो आला की त्यातून डाग कळतो, कापडाचा अंदाज येतो आणि सीटाही मोजता येतात. दराचं उत्तरही त्याच फोटोतून निघतं.

या स्लाइडवर चित्र कोणतं लावायचं? आधी-नंतरच्या जोड्यांपैकी सर्वात झगमगीत जोडी लावायचा मोह होतो. पण ही स्लाइड एकटी फॉरवर्ड होणार, आणि चित्र शब्दांपेक्षा आधी वाचलं जातं. निघून गेलेल्या डागाचा फोटो लावला की ‘फिके होतात’ ही ओळ कोणी वाचत नाही. म्हणून आम्ही दादांच्या फोनमधून एक वेगळी जोडी निवडली: शाईचा डाग, आणि साफ केल्यावरची त्याची पुसटशी खूण. खाली लिहिलं, ‘शाई: इतकी फिकी झाली’. ताईंना सुरुवातीला हा फोटो कमीपणाचा वाटला. नंतर गिऱ्हाइकांशी बोलताना त्याच तो आधी पुढे करू लागल्या.

एक चांगली सूचना मात्र या स्लाइडवरून काढावी लागली. डाग पडल्यावर लोक घरचा साबण किंवा डिटर्जंट घेऊन जोरात घासतात. साबण कापडात राहतो, त्यावर धूळ चिकटते, आणि घासण्याने कापडाचे धागे उचकटतात. मग मूळ डागापेक्षा भोवतालचं वर्तुळच जास्त उठून दिसतं. हे सांगणं गरजेचं आहे, पण ‘डाग जातील का’ याचं ते उत्तर नाही. ती सूचना आम्ही काम ठरल्यावर जाणाऱ्या मेसेजमध्ये टाकली: ‘आम्ही येईपर्यंत डागाला काही लावू नका, घासू नका. ताजा असेल तर कोरड्या पांढऱ्या कापडाने फक्त टिपून घ्या.’ एका स्लाइडवर एक उत्तर हा नियम पाळताना कामाचं असं बरंच काही हातात उरतं. ते फेकायचं नसतं. ज्या वेळी उपयोगी पडेल त्या वेळच्या मेसेजमध्ये त्याची सोय करायची.

सुकण्याच्या स्लाइडवर अडचण निराळी होती. ‘४ ते ६ तास’ हे उत्तर चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. मशीन पाणी फवारतं आणि लगेच ओढून घेतं, तरी थोडा ओलावा राहतोच. कापड वरून आधी सुकतं, आतला फोम मागाहून. पातळ सिंथेटिक कापड लवकर कोरडं होतं, जाड सुती कापड वेळ घेतं, आणि बंद खोलीत किंवा पावसाळी हवेत दोन्ही रेंगाळतात. सहा तास झाले म्हणून कोणी बसलं की वजनाने फोममधला ओलावा वर येतो आणि त्याबरोबर खालचा मळही. कापड पुन्हा सुकल्यावर तिथे पिवळसर कडा उमटते, आणि फोन येतो, ‘तुम्ही केलंत आणि डाग पडला.’

घड्याळाचा आकडा इथे पुरत नाही, कारण प्रत्येक घराची हवा वेगळी. गिऱ्हाइकाच्या हातात स्वतः तपासता येईल अशी खूण द्यायला हवी होती. दादा निघण्याआधी स्वतः एक चाचणी करत, तीच स्लाइडवर घेतली:

> बसायला कधी मिळेल?
> वरून ४ ते ६ तासांत कोरडा लागतो. आतला फोम त्यानंतर सुकतो.
> पंखा चालू, खिडकी उघडी: सकाळी केलेला सोफा बहुधा रात्री वापरता येतो. जाड कापड किंवा दमट हवा असेल तर दुसऱ्या दिवशी.
> बसण्याआधी टिश्यूची घडी सीटवर १० सेकंद दाबून धरा. ओली लागली तर थांबा.

यातली शेवटची ओळ सगळ्यात मोलाची. दमट हवेचा आकडा आम्ही मुद्दाम दिला नाही. त्याऐवजी ‘दुसऱ्या दिवशी’ म्हटलं, कारण माणूस तसाच बेत आखतो: आज की उद्या. दुसऱ्या दिवशीही टिश्यू ओला लागला किंवा कुबट वास आला तर फोन करा, हेही दादांना तिथेच हवं होतं. ते काम झाल्यावरच्या मेसेजमध्ये गेलं. काम ठरवण्याआधीच कुबट वास वाचायला मिळाला तर बोलावणारा उगाच बिचकतो. काम झाल्यावर मात्र ती माहिती त्याच्याजवळ असलीच पाहिजे.

आता दर. ताईंचं नेहमीचं उत्तर होतं, ‘सोफा बघून सांगतो.’ दर उघड लिहिला तर दुसरे त्याहून कमी सांगतील ही भीती, आणि एल आकाराचा, रिक्लायनर, सुट्या उशा असं हजार तऱ्हेचं सामान. पण ‘बघून सांगतो’ वाचून माणसाला वाटतं, घर बघून सांगणार. चॅटमध्ये सगळ्यात जास्त संवाद याच वाक्यानंतर संपलेले दिसत होते.

दादांची हिशोबाची पद्धत खरं तर सरळ होती. सीटमागे एक दर, आणि एका फेरीचं किमान बिल, कारण एका खुर्चीसाठी मशीन घेऊन जाणं परवडत नाही. तेवढंच लिहिलं. सीटमागचा दर मोठ्या अक्षरांत, त्याखाली किमान बिल, त्याखाली कशाने वाढतं: रिक्लायनर आणि खूप मुरलेले डाग. मग एक सोडवलेलं उदाहरण, पाच सीटांच्या सोफ्याचं, गुणाकार करून. उदाहरण नसेल तर लोक ‘सीट’ म्हणजे काय यावरच अडतात. एल आकाराच्या सोफ्याची लांब बाजू ते एक सीट धरतात, दादा दोन धरतात, आणि बिलाच्या वेळी वाद होतो. म्हणून उदाहरणातला सोफा एल आकाराचा घेतला आणि बाजूच्या रेखाटनात प्रत्येक सीटवर आकडा टाकला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत दर कोणत्या महिन्यापासून लागू आहे ते महिना-वर्षासह लिहिलं. ही स्लाइड कोणाच्या तरी फोनमध्ये दोन वर्षांनी सापडेल आणि ‘तुम्हीच लिहिलंय’ म्हणून समोर येईल. तारीख असली की बोलणं तिथेच मिटतं. ज्याचा दर खरोखरच प्रत्येक कामाला वेगळा असतो, त्याने आकड्याच्या जागी दर कशावर ठरतो आणि तो सांगायला काय माहिती लागेल एवढं तरी लिहावं. ‘बघून सांगतो’ हे मात्र कोणाचंच उत्तर होऊ नये.

कापडाच्या स्लाइडवर थोडक्यात एक गोष्ट. बऱ्याच सोफ्यांना उशीच्या चेनजवळ किंवा खालच्या बाजूला एक चिठ्ठी शिवलेली असते आणि तिच्यावर W, S, WS किंवा X असं अक्षर असतं. W म्हणजे पाण्याच्या द्रावणाने साफ करता येतं, S म्हणजे फक्त सॉल्व्हंटने, WS म्हणजे दोन्ही चालतं, X म्हणजे पाणीही नको आणि सॉल्व्हंटही नको, फक्त व्हॅक्यूम किंवा हलका ब्रश. ही चारही अक्षरं समजावून सांगणारी स्लाइड पहिल्या मसुद्यात होती आणि दिसायला अभ्यासपूर्ण होती. पण गिऱ्हाइकाला अक्षराचा अर्थ कळण्याची गरज नाही. त्याने चिठ्ठीचा फोटो पाठवला की पुरे. स्लाइडवर उरलं ते एवढंच: चिठ्ठी कुठे सापडेल, तिचा फोटो पाठवा, चिठ्ठी नसेल तर सोफ्याच्या मागच्या कोपऱ्यात आधी छोट्या जागेवर करून बघतो आणि रंग सुटला तर काम करत नाही. चामड्याचा सोफा करत नाही, हेही इथेच लिहिलं.

तयारीच्या स्लाइडला फार विचार लागला नाही. मशीनजवळ जास्त लोडचा प्लग, एक नळ, सोफ्याभोवती थोडी मोकळी जागा, उशांच्या फटींतल्या वस्तू काढून ठेवलेल्या. चार ओळी, संपलं.

क्रमाबद्दल आमचे दोनदा मतभेद झाले. दादांना दर शेवटी हवा होता: आधी काम किती चांगलं ते कळू दे, मग पैसे. पण इन्स्टाग्राम कॅरोसेल ज्याने सरकवलं नाही त्याला तीच पोस्ट पुन्हा दाखवताना कधी कधी दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. म्हणजे दुसरी स्लाइड हेही एक मुखपृष्ठच. तिथे सर्वात जास्त विचारलेला प्रश्न हवा, आणि तो दराचाच होता. मुखपृष्ठावर ‘तुमचे प्रश्न, आमची उत्तरं’ असं मथळ्यासारखं काही लिहायचं टाळलं. तिथे तीन प्रश्नच लिहिले, मोठ्या अक्षरांत: ‘कितीला पडेल? डाग जातील का? बसायला कधी मिळेल?’ ज्याला सोफा साफ करून घ्यायचा आहे तो यातल्या एका प्रश्नावर थबकतो. ज्याला नाही, तो पुढे गेला तरी हरकत नाही.

मांडणीत देवनागरीचे स्वतःचे त्रास असतात, आणि इंग्रजीसाठी बनवलेले तयार साचे ते लक्षात घेत नाहीत. आपल्या ओळीच्या वर वेलांट्या, मात्रा आणि रफार, खाली उकार. साच्यातलं ओळींमधलं अंतर तसंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला भिडतो. अक्षराच्या उंचीच्या दीडपट अंतर ठेवल्यावर ते मोकळं झालं. ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट घेतला, जाड वजन फक्त प्रश्नाला, कारण फार जाड केल्यावर जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजतात. स्लाइड १०८० बाय १३५० पिक्सेलची. फोनवर ती साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी दिसते, म्हणून उत्तराचं अक्षर ४८ पिक्सेलच्या खाली जाऊ दिलं नाही. त्या मापात चाळीस-पंचेचाळीस शब्द बसतात. न बसल्यास अक्षर लहान करायचं नाही, वाक्य कमी करायचं, हे आधीच ठरवून टाकलं. प्रोफाइलच्या जाळीत आता ३:४ आकाराचं चित्र दिसतं, म्हणजे ४:५ च्या स्लाइडच्या दोन्ही बाजूंनी थोडं कापलं जातं. त्यामुळे मुखपृष्ठाचा मजकूर कडांपासून बराच आत घेतला. ‘४ ते’ एका ओळीत आणि ‘६ तास’ दुसऱ्या ओळीत असं तुटू नये म्हणून ओळी हाताने तोडल्या.

प्रत्येक स्लाइडच्या तळाशी व्यवसायाचं नाव आणि नंबर आला, नवव्या स्लाइडवर एकदाच नाही. ताई व्हॉट्सॲपवर एकच स्लाइड पाठवतात, आणि ती पुढे बहिणीला, शेजारणीला जाते. तिथे तिला आगापिछा नसतो. याच कारणाने कोणत्याही उत्तरात ‘मागच्या स्लाइडवर सांगितल्याप्रमाणे’ असं येऊ दिलं नाही, आणि वर प्रश्न पूर्ण लिहिला. चित्रातला मजकूर डोळ्यांनी न दिसणाऱ्यांच्या फोनला नीट वाचून दाखवता येईलच असं नाही, म्हणून प्रत्येक स्लाइडच्या पर्यायी मजकुरात उत्तर पुन्हा टाइप केलं. कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, म्हणून तिथे लिंक न देता तीच सात उत्तरं एकेका ओळीत दिली.

पोस्ट टाकल्यावर लाइक किती आले याकडे बघायचं नाही असं ठरलं होतं. पाहायचं ते पुढचा मेसेज काय येतो ते. आधी पहिला मेसेज ‘रेट?’ असा एका शब्दाचा असायचा. पोस्ट वर पिन केल्यावर ‘एल शेप आहे, सात सीट, फोटो पाठवतोय’ असे मेसेज दिसू लागले. म्हणजे दराची स्लाइड वाचली गेली आणि समजली. ‘रेट?’ पूर्ण थांबलं नाही, थांबणारही नाही, कारण बरेच जण पोस्ट न पाहता सरळ नंबरवर येतात. त्यांना ताई ती स्लाइड पाठवतात, पण नुसती कधीच नाही. सोबत त्या माणसाच्या सोफ्याबद्दल एक वाक्य जातं: ‘तुमचा पाच सीटांचा आहे ना, मग उदाहरणात आहे तेवढंच.’ नुसतं चित्र आलं की झटकून टाकल्यासारखं वाटतं, आणि चित्र न उघडता पुन्हा तोच प्रश्न येतो.

स्लाइड वाचूनही जो प्रश्न येतो तो सर्वात कामाचा. दराची स्लाइड मिळाल्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, ‘उशा धरून का?’ आमच्या उत्तरात उशांचा उल्लेखच नव्हता. जोडलेल्या उशा दरात धरल्या आहेत, सुट्या वेगळ्या, अशी ओळ घातली आणि तिला जागा करण्यासाठी रिक्लायनरची ओळ आखूड केली. सुकण्याच्या स्लाइडवर ‘म्हणजे रात्री बसता येईल ना?’ असं विचारणारे अजून असतात. तिथे मात्र स्लाइड बदलली नाही. त्यांना उत्तर कळलेलं असतं, फक्त ताईंकडून हमी हवी असते, आणि दमट हवेत ती देता येत नाही. ताई लिहितात, ‘टिश्यू दाबून बघा, कोरडा असेल तर बसा.’

काही प्रश्न कॅरोसेलच्या बाहेरच ठेवले. ‘आज येता का?’ याचं उत्तर रोज बदलतं. तक्रारीचंही तसंच: पिवळी कडा उमटली म्हणून चिडलेल्या माणसाला छापील स्लाइड पाठवणं म्हणजे आगीत तेल. त्याला दादा स्वतः फोन करतात, फोटो मागवतात आणि गरज असेल तर जाऊन येतात. आणि ज्यांचा डाग फोटोवरूनही सांगता येत नाही, त्यांना तसंच सांगितलं जातं, आणि कामाआधी मागच्या कोपऱ्यात चाचणी करून मगच हो किंवा नाही.